फोटोत त्रिकोण एक, उत्तरात दोन: साइन आणि कोसाइन नियम कधी, कुठला आणि कसा लावायचा

शिकवणीच्या ग्रुपवर रात्री साडेनऊनंतर फोटो यायला लागतात. वहीचं पान, त्यावर पेन्सिलीने काढलेला त्रिकोण, कडेला अंगठ्याची सावली आणि खाली एक ओळ: "सर, हे कसं करायचं?" त्रिकोण काटकोन असेल तर दहावीतलं सगळं कामाला येतं. काटकोन नसला की साइन नियम आणि कोसाइन नियम लागतात, आणि मुलांना दोन्ही सूत्रं पाठ असतात. अडतं ते निवडीत, म्हणजे कुठलं सूत्र कधी लावायचं यात. त्याहून जास्त अडतं ते अशा प्रश्नात, जिथे दिलेल्या माहितीत दोन वेगवेगळे त्रिकोण बसतात आणि फोटोत मात्र एकच दिसतो. या लेखाचा मोठा भाग त्या एका प्रकाराला दिला आहे. बाकीचं सोपं आहे, ते झटपट उरकू.

उदाहरणांतली ठिकाणं रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची घेतली आहेत, कारण रत्नदुर्गावरचं दीपगृह इथल्या प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं. अंतरं आणि कोन मात्र गणितापुरते आहेत, ते नकाशावर शोधायला जाऊ नका.

आधी फोटो नीट वाचा

फोटोतून तीनच गोष्टी घ्यायच्या: कुठलं अक्षर कुठल्या शिरोबिंदूवर आहे, कुठला आकडा कुठल्या बाजूचा आहे आणि कोनाची कमान कुठल्या शिरोबिंदूवर काढली आहे. फोन कितीही वाकडा धरलेला असला तरी या तीन गोष्टी बदलत नाहीत. सरळ रेषाही सरळच राहते. बदलतात ते कोन आणि लांबीची गुणोत्तरं. वहीच्या पानाचा कोपरा 90 अंशांचा असतो हे आपल्याला माहीत आहे. फोटोत तोच कोपरा 75 अंशांचा दिसत असेल, तर आतला त्रिकोणही तसाच चेपला गेला आहे. वहीच्या आडव्या रेघा एका बाजूला एकमेकींच्या जवळ येताना दिसल्या तरी तोच अर्थ. म्हणून स्क्रीनवर कोनमापक ठेवून कोन मोजणे हा उद्योग करू नये. लघुकोन विशालकोन दिसू शकतो आणि विशालकोन लघुकोन.

शक्य असेल तर फोटो पुन्हा मागवा. पान टेबलावर सपाट ठेवायचं, फोन त्याच्या बरोबर वर धरायचा आणि पानाचे चारही कोपरे फोटोत यायला हवेत. फोनमधल्या स्कॅन सुविधेत चार कोपरे पकडून पान आयताकृती करता येतं आणि त्याने कललेला फोटो बराच सरळ होतो. जाड पुस्तकाचं पान शिवणीजवळ वळलेलं असतं, ते वळण मात्र स्कॅनने जात नाही. तिथे पान हाताने दाबून धरण्याला पर्याय नाही.

मग आकडे. आपल्याकडे एकाच पानावर देवनागरी आणि इंग्रजी आकडे सर्रास मिसळतात, आणि घाईत लिहिलेला ५ हा 4 सारखा, तर १ हा 9 सारखा दिसतो. अंशाचं चिन्ह मोठं काढलं की 35° चे 350 होतात. हा शेवटचा घोटाळा लगेच पकडता येतो, कारण त्रिकोणाचा कोन 180 अंशांच्या आतच असतो. पहिले दोन तसे पकडता येत नाहीत. त्यांचं गणितात काय होतं ते पुढे पाहू.

आकडे वाचले की फोटो बाजूला ठेवा आणि कागदावर स्वतःची आकृती काढा. शिरोबिंदू A, B, C आणि त्यांच्या समोरच्या बाजू अनुक्रमे a, b, c. म्हणजे a ही BC, b ही CA आणि c ही AB. मुलाने वहीत P, Q, R घेतले असतील तर तसेच ठेवा, पण 'समोरची बाजू' ही जोडी डोक्यात पक्की हवी. दोन्ही नियम या जोडीवरच चालतात. फोटोत '5' हा आकडा दोन रेषांच्या बेचक्यात लिहिलेला असेल, तर तो कुठल्या रेषेचा हे विचारून घ्या. अंदाजाने ठरवू नका.

नियम निवडायला नववीची आठवण पुरते

साइन नियम असा:

a / sin A = b / sin B = c / sin C

आणि कोसाइन नियम असा:

a² = b² + c² − 2bc cos A

यातलं कुठलं घ्यायचं ते ठरवायला एकरूपतेच्या कसोट्या आठवा: बाबाबा, बाकोबा, कोबाको, बाकोको आणि कर्णभुजा. कसोटी लागू पडते याचा अर्थ तेवढ्या माहितीत त्रिकोण एकच बनतो, आणि त्रिकोण एकच असेल तरच उरलेली मापं नक्की काढता येतात. तीन बाजू दिल्या असतील (बाबाबा) किंवा दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन दिला असेल (बाकोबा), तर कोसाइन नियम. दोन कोन आणि एक बाजू दिली असेल (कोबाको किंवा बाकोको), तर साइन नियम. फक्त तीन कोन दिले असतील तर बाजू निघतच नाहीत, कारण आकार कळतो पण मोठेपणा कळत नाही.

दोन कोन आणि एक बाजू या प्रकारात फारसं काही नाही. किनाऱ्यावर 3 किमी अंतरावर दोन माणसं उभी आहेत, दोघांना एकच होडी दिसते आणि किनाऱ्याच्या रेषेशी त्यांचे कोन 70° आणि 50° आहेत. होडीपाशी 60° उरले. 70° वाल्या माणसापासूनचं अंतर 50° च्या समोर येतं, म्हणून ते 3 × sin 50° / sin 60°, म्हणजे 2.65 किमी. झालं.

कोसाइनमध्ये एक जागा निसरडी आहे. समजा, रत्नदुर्गाच्या दीपगृहापासून एक ट्रॉलर 6 किमीवर आहे, एक लहान होडी 4 किमीवर आहे आणि दीपगृहापाशी त्या दोन दिशांमधला कोन 120° आहे. दोघांमधलं अंतर x मानू.

x² = 6² + 4² − 2 × 6 × 4 × cos 120°

cos 120° म्हणजे −0.5. वजा गुणिले वजा अधिक होतं, म्हणून x² = 52 + 24 = 76 आणि x = 8.72 किमी. हा वजा विसरणारे 52 मधून 24 वजा करतात आणि 5.29 वर येतात. ते उत्तर चुकीचं आहे हे न मोजताही कळायला हवं. विशालकोनाच्या समोरची बाजू तिन्हींत मोठी असते, आणि 5.29 ही तर 6 पेक्षाही लहान आहे.

आता याच त्रिकोणाचे उरलेले कोन काढू. इथे साइन नियम वापरायला हरकत नाही, पण आधी लहान बाजूसमोरचा कोन काढा. 4 किमीच्या समोरच्या कोनाचं साइन 4 × sin 120° / 8.72, म्हणजे 0.397, आणि कोन 23.4°. तिसरा कोन वजाबाकीने 36.6°. लहान बाजूच का? समजा 120° माहीत नाही, फक्त तीन बाजू आहेत, आणि कुणीतरी 23.4° काढून पुढे मोठ्या बाजूसमोरचा कोन साइननेच काढायला घेतला. साइन 0.866 येईल आणि कॅल्क्युलेटर 60° दाखवेल. खरा कोन आहे 120°. sin 60° आणि sin 120° सारखेच असतात आणि कॅल्क्युलेटर नेहमी 90° किंवा त्याहून लहान उत्तर देतो. कोसाइनला ही अडचण नाही: cos 60° अधिक आहे आणि cos 120° वजा, म्हणून कॅल्क्युलेटर दोन्ही बरोबर ओळखतो. त्रिकोणातला सर्वांत मोठा कोन काढायचा असेल तर कोसाइनकडेच जा.

लक्षात घ्या, वरच्या उदाहरणात त्रिकोण एकच होता. दुसरं उत्तर साइनच्या स्वभावामुळे उगवलं होतं आणि ते खोटं होतं. पुढच्या प्रकारात मात्र दोन्ही उत्तरं खरी असतात.

बाबाको नावाची कसोटी का नाही

दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोन. पुस्तकात बाबाको कसोटी नाही, आणि ती का नाही हे सहसा कुणी विचारत नाही. हा प्रश्न पाहा.

फोटोत A म्हणजे आरे-वारेचा किनारा, B म्हणजे दीपगृह, C म्हणजे होडी. A पाशी कमान आणि 35°. AB वर 8 किमी, BC वर 5 किमी. AC काढा.

प्रत्यक्षात काय चाललं आहे ते डोळ्यांसमोर आणा. किनाऱ्यावरच्या माणसाला होडीची फक्त दिशा माहीत आहे: दीपगृहाच्या दिशेपासून 35° समुद्राकडे. म्हणजे होडी A मधून निघालेल्या एका रेषेवर कुठेतरी आहे. दीपगृहापासून ती 5 किमीवर आहे, म्हणजे दीपगृहाभोवती 5 किमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर होडी त्या वर्तुळावर आहे. होडी रेषेवरही हवी आणि वर्तुळावरही हवी. रेषा वर्तुळाला दोन बिंदूंत छेदू शकते. एक बिंदू अलीकडचा, एक पलीकडचा. दोन्ही ठिकाणी उभी असलेली होडी A मधून त्याच दिशेला दिसेल आणि B पासून 5 किमीवरच असेल.

रेषा वर्तुळाला छेदते की नाही, आणि किती ठिकाणी, हे एका लंबावरून ठरतं. B पासून त्या रेषेवर लंब BH टाका. काटकोन त्रिकोण ABH मध्ये

BH = 8 × sin 35° = 8 × 0.5736 = 4.59 किमी

दीपगृहाचं त्या रेषेपासूनचं हे सर्वांत कमी अंतर. आता 5 ची तुलना दोन आकड्यांशी करायची: लंब 4.59 शी आणि बाजू 8 शी. दिलेली समोरची बाजू लंबापेक्षा लहान असती तर वर्तुळ रेषेपर्यंत पोचलंच नसतं आणि त्रिकोण बनलाच नसता. नेमकी 4.59 असती तर वर्तुळ रेषेला टेकलं असतं आणि C पाशी काटकोन असलेला एकच त्रिकोण मिळाला असता. 8 किंवा त्याहून मोठी असती तरीही एकच. आपले 5 मात्र 4.59 आणि 8 यांच्या मधे आहेत. म्हणून त्रिकोण दोन.

ही तुलना सूत्र लावण्याआधी करायची. मुलं आधी साइन नियमात आकडे टाकतात, कॅल्क्युलेटर जे देईल ते लिहितात आणि दुसरा त्रिकोण तिथेच हरवतो.

A पाशी विशालकोन किंवा काटकोन दिला असेल तर इतकं काही पाहावं लागत नाही. समोरची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा मोठी असेल तर त्रिकोण एक, नाहीतर एकही नाही. कर्णभुजा कसोटी म्हणजे याच नियमातली काटकोनाची जागा. तिच्यातही दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोनच दिलेला असतो, पण तो कोन 90° असल्यामुळे ती चालते.

दोन्ही त्रिकोण सोडवून पाहू

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना ते आधी पाहा. sin 30 दाबल्यावर 0.5 यायला हवेत. −0.988 आले तर तो रेडियनवर आहे. DEG बटण दाबा.

साइन नियमाने

sin C = 8 × sin 35° / 5 = 0.9177

कॅल्क्युलेटर 66.6° देतो. दुसरा कोन 180 − 66.6 = 113.4°. आता दोघांची परीक्षा घ्या. A पाशी 35° आहेत, म्हणून C चा कोन 145° पेक्षा लहान हवा. 66.6 बसतो आणि 113.4 सुद्धा बसतो. म्हणून दोन्ही ठेवायचे.

पहिल्या त्रिकोणात B = 180 − 35 − 66.6 = 78.4°, आणि AC = 5 × sin 78.4° / sin 35° = 8.54 किमी. दुसऱ्यात B = 180 − 35 − 113.4 = 31.6°, आणि AC = 5 × sin 31.6° / sin 35° = 4.57 किमी.

ताळा पाहायला पुन्हा लंबाकडे या. AH = 8 × cos 35° = 6.55 किमी. HC साठी पायथागोरस: 5 च्या वर्गातून BH चा, म्हणजे एक घर जास्त घेऊन 4.589 चा, वर्ग वजा करून वर्गमूळ घेतलं की 1.99 किमी. होडी H च्या पलीकडे 1.99 किमीवर असेल तर AC = 6.55 + 1.99 = 8.54. अलीकडे असेल तर 6.55 − 1.99 = 4.56. मघाशी 4.57 आले होते, ही शेवटच्या घराची तफावत मधल्या आकड्यांना आधीच गोल केल्याने आली आहे. कॅल्क्युलेटरमध्ये पूर्ण आकडे ठेवून शेवटीच गोल केलं की 4.57 च येतात. दोन होड्यांच्या बरोबर मधे H आहे, हे एकदा स्वतःच्या आकृतीत काढून पाहावं. 66.6 आणि 113.4 यांची बेरीज 180 का, तेही तिथेच दिसतं: दोन होड्या आणि दीपगृह मिळून एक समद्विभुज त्रिकोण तयार होतो.

मग उत्तर कुठलं लिहायचं

पहिल्यांदा प्रश्नातले शब्द पाहा. 'लघुकोन त्रिकोण' असं म्हटलं असेल तर 113.4° बाद. 'कोन C विशालकोन आहे' असेल तर 66.6° बाद. 'होडी किनाऱ्यापासून दीपगृहापेक्षा जवळ आहे' असं असेल तर AC ही 8 पेक्षा लहान हवी, म्हणून 4.57. असा शब्द बहुतेक वेळा प्रश्नात कुठेतरी असतो, पण फोटो काढताना मुलाने फक्त आकृतीच टिपलेली असते. आधी प्रश्नाचा पूर्ण मजकूर मागवा.

शब्द नसतील आणि 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' असं म्हटलं असेल, तरच आकृतीकडे निकालासाठी पाहायचं. तेव्हाही कोन पाहू नका, कारण तो फोटोत फसवतो. बाजूंचं गुणोत्तर पाहा. एका त्रिकोणात AC ही AB पेक्षा किंचित मोठी आहे (8.54 आणि 8), दुसऱ्यात ती जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त (4.57 आणि 8). फोन थोडाफार कलला तरी हा फरक लपत नाही. फोटोत AC आणि AB जवळपास सारख्या दिसत असतील तर पलीकडची होडी, AC ठळकपणे आखूड असेल तर अलीकडची. फोटो फारच तिरपा असेल तर हाही निकष सोडून द्या. आणि प्रश्नाखाली 'आकृती प्रमाणात नाही' असं छापलेलं असेल, तर आकृतीवरून काहीच ठरवता येत नाही.

शब्दही नाहीत आणि आकृतीवरही भरवसा नाही, अशा वेळी दोन्ही उत्तरं लिहा. 'AC = 8.54 किमी किंवा 4.57 किमी' हेच तिथे बरोबर उत्तर आहे. माझ्या मते एकच उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा दोन्ही लिहून प्रत्येकासमोर C चा कोन देणाऱ्या मुलाला गणित जास्त कळलेलं असतं.

खऱ्या समुद्रावर ही अडचण सोडवायची तर आणखी एक माप घ्यावं लागतं. दिशा एका ठिकाणाहून आणि अंतर दुसऱ्या ठिकाणाहून घेतलं की होडीच्या दोन जागा निघू शकतात. दिशा आणि अंतर दोन्ही एकाच ठिकाणाहून, म्हणजे इथे दीपगृहावरूनच घेतलं, तर एका रेषेवर ठरावीक अंतर मोजायचं असतं आणि जागा एकच निघते. वहीतला प्रश्न लिहिणाऱ्याने मुद्दामच दोन ठिकाणं घेतलेली असतात.

आकडा चुकीचा वाचला तर काय दिसेल

आता मघाच्या ५ कडे परत येऊ. समजा फोटोत BC वरचा ५ तुम्ही 4 वाचला. sin C = 8 × 0.5736 / 4 = 1.147. साइन 1 पेक्षा मोठं असूच शकत नाही, म्हणून कॅल्क्युलेटर Error दाखवेल. मुलं अशा वेळी कॅल्क्युलेटर बंद करून पुन्हा चालू करतात. कॅल्क्युलेटर ठीक आहे. तो सांगतोय की 4 किमीचं वर्तुळ 4.59 किमीवरच्या रेषेपर्यंत पोचत नाही. Error आला की लगेच फोटो मोठा करून समोरच्या बाजूचा आकडा आणि कोन पुन्हा वाचा. बाजू आणि कोनाच्या जोड्या उलटसुलट झाल्या असतील, म्हणजे 8 आणि 5 यांची अदलाबदल झाली असेल, तर मात्र Error येणार नाही. sin C = 5 × 0.5736 / 8 = 0.3585 येऊन एक गुळगुळीत पण चुकीचं उत्तर मिळेल. म्हणून स्वतःची आकृती काढायची ती यासाठी.

आणि BC वर १ होता आणि तुम्ही 9 वाचला तर? 9 हे 8 पेक्षा मोठे आहेत. sin C = 0.5099, म्हणून C = 30.7° किंवा 149.3°. पण 149.3 मध्ये 35 मिळवले तर 184.3 होतात, 180 च्या पुढे. दुसरा कोन आपोआप बाद आणि त्रिकोण एकच, AC जवळपास 14.3 किमी. हे उत्तर गणित म्हणून निर्दोष आहे, त्यामुळे वाचनातली चूक इथे गणित दाखवणार नाही. खरा १ घातला असता तर मात्र Error आला असता. शंका असेल तर मुलालाच विचारा.

दिलेली बाजू लंबाच्या अगदी जवळ असेल तेव्हाही जपून. BC 4.6 असती तर sin C = 0.9975 आणि C जवळपास 86° किंवा 94°. तीच 4.5 असती तर Error. एका दशांशाच्या फरकाने दोन त्रिकोणांवरून एकही नाही. पुसट दशांश चिन्हाचा फोटो असेल तर अशा प्रश्नाला उत्तर देण्याआधी आकडा पक्का करून घ्या.

एकाच कोसाइनमध्ये सगळं

180 मधून वजा करायला विसरण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना मी दुसरी वाट दाखवतो. AC ला b म्हणा आणि A च्या कोनाने कोसाइन नियम लिहा:

5² = b² + 8² − 2 × 8 × b × cos 35°

मांडणी बदलली की वर्गसमीकरण मिळतं:

b² − 13.106b + 39 = 0

दहावीच्या सूत्राने मुळं 8.54 आणि 4.57 येतात. वेगळं काही आठवायची गरज नाही, दोन त्रिकोण स्वतःच बाहेर पडतात. दोन्ही मुळं धन आली की त्रिकोण दोन. BC = 4 घेतली तर शेवटचं पद 48 होतं, वर्गमुळाखालचा आकडा ऋण जातो आणि त्रिकोण नाही. BC = 9 घेतली तर शेवटचं पद −17 होतं आणि मुळं 14.30 आणि −1.19 येतात. ऋण मूळही निरर्थक नसतं. वर्तुळ त्या रेषेला A च्या मागच्या बाजूला, म्हणजे होडीच्या उलट दिशेला 1.19 किमीवर छेदतं. तिथल्या त्रिकोणात A चा कोन 35° नसून 145° असतो, म्हणून आपल्या प्रश्नात तो धरत नाहीत.